सर्विस रिसीव्हच्या आधी पोरींना नेमकं काय सांगावं? (मॅच शनिवारी आहे, लवकर सांगा)

रामबागवाली_पीटी
नमस्कार मंडळी. मी इंदूरला एका शाळेत पीटी घेते, मुलींची अंडर सेव्हनटीन व्हॉलीबॉल टीम माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी आंतरशालेय सेमीफायनल, आणि समोर तीच टीम आहे जिच्याशी मागे एकदा फ्रेंडली खेळलो होतो. त्यांच्यात एक उंच मुलगी आहे, ती फ्लोटर टाकते, फार जोरात नाही पण बॉल येता येता हलतो आणि शेवटी टपकन खाली पडतो. त्या दिवशी आम्ही १४-११ नी पुढे होतो, ती सर्विसला आली आणि बघता बघता १४-१९ झालं. आठ पॉइंट सलग. आमचं स्मॅश, ब्लॉक सगळं जागेवर होतं पण बॉल लिफ्टरपर्यंत पोचलाच नाही तर करणार काय.

आमची फॉर्मेशन साधी डब्ल्यूची, लिफ्टर नेटला आणि बाकी पाच जणी रिसीव्हला. मॅचच्या आधी पाच मिनिटं मिळतील तेव्हा बोलायला मी हे लिहून ठेवलंय, बघा कसं वाटतं:

"मुलींनो, आज अजिबात घाबरायचं नाही, शांत राहायचं. त्यांची सर्विस चांगली आहे पण तुमची तयारी त्याहून चांगली आहे. गुडघे वाकवा, कोपर सरळ ठेवा, बॉलवरची नजर हलू देऊ नका, कॉल द्या, पास बरोबर लिफ्टरच्या हातात द्या. नेटमधे घालू नका, पलीकडे जाऊ देऊ नका. चूक झाली तर विसरून जा. शाळेचं नाव तुमच्या हातात आहे, आईबाबा बघायला आलेत."

काही राहिलंय का?

सराफा_रात्री_दोन
ताई एवढं सगळं ऐकून मीच घाबरलो 😄 आमचे सर फक्त "जाओ रे, फोड़ दो" म्हणायचे आणि आम्ही हरून येऊन पोहे खायचो.

मागची_लाइन
ताई, राहिलं काही नाही, जास्त झालंय. मी युनिव्हर्सिटीला लिबरो खेळलोय आणि आता इथेच तिलकनगरकडे पोरांना शिकवतो त्यामुळे जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुमच्या भाषणात मी मोजल्या, दहा-बारा सूचना आहेत. समोर ती उंच पोरगी बॉल घेऊन उभी राहिली की तुमच्या पाच नंबरवालीला यातली एक आठवेल, आणि कोणती आठवेल हे तुमच्या हातात नाही. बहुतेक "नेटमधे घालू नका" हीच आठवेल कारण भीती त्याचीच आहे. त्यातून "शाळेचं नाव" आणि "आईबाबा" हे दोन शब्द तर पूर्ण काढा, रिसीव्हच्या वेळी पोरीच्या डोक्यात आईबाबा नकोत, बॉल पाहिजे.

दुसरं म्हणजे "शांत राहा" सांगून कोणी शांत होत नाही, शांत राहायला हाताला आणि डोळ्याला काम लागतं. रेफरीची शिट्टी झाली की सर्व्हरला आठ सेकंद असतात, बरेच सर्व्हर मुद्दाम ती खातात, आणि तेवढ्या वेळात मागची पोर उभ्या उभ्या दगड होते. त्या आठ सेकंदांत काय करायचं तेवढं सांगा. माझ्याकडची पोरं हे करतात: शिट्टीच्या आधी एक लांब श्वास सोडायचा, घ्यायचा नाही हं, सोडायचा, तोंडाने, खांदे खाली येईपर्यंत. मग पायाचे चवडे जमिनीवर हलके टाकत राहायचे, उभं राहायचं नाही. आणि नजर बॉलवर नाही तर सर्व्हरच्या हातावर, ती बॉल उडवते तिथे. टॉस बुटका आणि तळवा आडवा थापल्यासारखा लागला की फ्लोटर, टॉस उंच आणि मागून हात फिरवून मनगट पाडलं की टॉपस्पिन. हे बघायला लागली की घाबरायला वेळच उरत नाही.

आणि तिसरं, पास "लिफ्टरच्या हातात" सांगू नका. त्या वयाच्या पोरी हातात द्यायला गेल्या की बॉल नेटला चिकटतो किंवा पलीकडे जातो, आणि पलीकडे गेलेला फुकटचा बॉल त्यांची स्मॅशर पाडणारच. टार्गेट मोठं द्या. "उंच आणि मधे." थ्री मीटर लाइनच्या जवळपास, कोर्टाच्या मध्यावर, नेटच्या पट्टीपेक्षा चांगला दोन हात वर. लिफ्टर पळून जाईल खाली. नाही पोचली तर दुसरी कोणी अंडरहँडने उचलेल. स्मॅश झक्कास होणार नाही पण रॅली चालू राहील.

ग्वाल्हेरचा_काका
वाचून छान वाटलं. आमच्या वेळी एवढं कोण सांगायचं. माझा अनुभव असा की फ्लोटरला मागे उभं राहावं, म्हणजे बॉल कुठे वळतोय ते कळायला वेळ मिळतो, आणि बॉल पूर्ण हलून झाला की मगच हात लावावा. आणि बोटांनी (फिंगरने) सर्विस घेऊच नये, फाउल देतात. अंडरहँडच बरा.

आई_दोन_पोरांची
माझी मुलगी पण खेळते, आठवीत आहे, बडोद्याला. तिचा प्रॉब्लेम असा की एक चूक झाली की ती रडायलाच लागते, मग पुढचे चार बॉल गेलेच. टीचर ओरडतात मग अजून रडते. मी तिला सांगते की घरी येऊन रड पण तिथे नको. कोच लोकांनी सांगा, मुलीला बसवावं का अशा वेळी की खेळू द्यावं?

शूटिंगवाला_भिया
सर्विस शांत कशी टाकायची हे विचारताय ना ताई? डोळे मिटून तीन वेळा बॉल टप्पा द्या आणि टाका. आमच्याकडे गावात शूटिंगच खेळतात, त्यात रिसीव्ह वगैरेची भानगड नाही, दोन्ही पंजे जोडले आणि परत मारला.

रामबागवाली_पीटी
@शूटिंगवाला_भिया नाही हो, सर्विस घेण्याबद्दल विचारतेय. शूटिंग व्हॉलीबॉल वेगळं, आमचं सहा जणींचं साधं व्हॉलीबॉल.

@मागची_लाइन राग कसला, अगदी बरोबर बोललात, माझ्या लिखाणात मलाच श्वास लागला. आता एक नेमकं विचारते. त्या आठ पॉइंटपैकी निम्मे तरी एकाच जागी गेले, आमच्या डावीकडे मागच्या कोपऱ्याकडे. बॉल आमच्या चार नंबरवालीच्या (ती डावीकडे पुढे उभी असते) डोक्या-खांद्यावरून जायचा, ती मागे वळून हात वर घालायची, बॉल तिच्या मनगटाला लागून बाहेर. आणि मागची पाच नंबरवाली "अगं माझा होता" म्हणत उभी. एकदा दोघी सोडून मोकळ्या, बॉल मधे. याला शांतपणाचा काय इलाज?

मागची_लाइन
हा, आता खरं सापडलं. डब्ल्यूचा हा जुनाच रोग आहे. पाच जणी म्हणजे मधल्या जागा जास्त, आणि पुढच्या पोरी हुशार असल्या की त्यांना मागचा बॉल पण आपलाच वाटतो. तुमच्या पोरी घाबरल्या असं तुम्हाला वाटतंय पण मला वाटतं त्यांना कोणाचा बॉल हेच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलं की माणूस बिचकतोच.

नियम एकच लावा, शनिवारपर्यंत तेवढाच मुरेल. पुढच्या तिघींसाठी: बॉल छातीच्या वर येतोय असं दिसलं तर सोडायचा आणि बाजूला व्हायचं, मागे पाऊल टाकायचं नाही. तो मागचीचा. छातीखाली येतोय तर पुढचीचा, पुढे वाकून किंवा गुडघा टेकून घ्यायचा. सोडणारीने खांदा आत वळवून वाट द्यायची, म्हणजे मागचीला बॉल दिसतो. फ्लोटरमधे शेवटच्या क्षणी बॉल पडतो म्हणून मागचीचा पहिला पाय नेहमी पुढे, मागच्या लाइनच्या जवळ टाचा लावून उभं राहायचं नाही.

आणि "माझा" बॉल नेटवर यायच्या आधी ओरडायचं. नेट ओलांडल्यावर ओरडणं म्हणजे नुसतं कळवणं झालं. ज्यांनी सोडायचा त्यांनी पण "सोड!" नाही तर तिचं नाव घ्यायचं, गप्प राहू नये.

फॉर्मेशन आता बदलू नका. तीन जणींचा रिसीव्ह, लिबरो, ते सगळं पुढच्या सीझनला. फार तर त्या सर्व्हरच्या वेळी सगळा डब्ल्यू अर्धं पाऊल डावीकडे सरकवा, पण चार नंबरवालीचा पाय पाच नंबरवालीच्या पुढेच राहिला पाहिजे सर्विस लागेपर्यंत, नाहीतर पोझिशन फाउल, पॉइंट फुकटचा.

@ग्वाल्हेरचा_काका काका, जोरात येणाऱ्या टॉपस्पिनला मागे उभं राहणं बरोबर, पूर्ण मान्य. फ्लोटरला उलटं. तो शेवटच्या दोन मीटरमधेच नखरे करतो, जेवढं थांबाल तेवढा जास्त हलेल, म्हणून अर्धं पाऊल पुढे येऊन लवकर गाठायचा. आणि फिंगरने पहिला बॉल घेणं फाउल नाही हो. पहिल्या टचला एकाच अॅक्शनमधे डबल लागला तरी चालतं. पकडून फेकला तर मात्र शिट्टी.

ग्वाल्हेरचा_काका
कागदावर चालत असेल. आमच्याकडच्या मैदानावर रेफरी बोटं दिसली की शिट्टी घालतो, त्याला जाऊन रूलबुक कोण वाचून दाखवणार? मी तर माझ्या पोरांना अंडरहँडच सांगेन.

मागची_लाइन
ते पण खरं आहे. कॅप्टनने मॅचच्या आधीच रेफरीला नम्रपणे विचारून घ्यावं.

नेटशी_मैत्री
मी कॉलेजमधे सेटर होते. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. वॉर्मअपला सगळ्या टीम नेटवर स्मॅश मारत बसतात कारण दिसायला मस्त आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. रिसीव्ह कोणी करत नाही. मग मॅचची पहिली सर्विस ही त्या पोरीच्या दिवसातली पहिली सर्विस असते. इंदूरची डिसेंबरची सकाळ, हात गार पडलेले, बॉल लागला की चरचरतं, आणि दुसऱ्या बॉलला पोरगी नकळत हात आखडते. हात आखडला की कोपर वाकलं, कोपर वाकलं की बॉल छातीकडे. आम्ही साइडच्या मोकळ्या जागेत आमच्याच सर्व्हरला समोर उभं करून आठ-दहा सर्विस घ्यायचो, हात लाल होईपर्यंत. मग कोर्टावर.

आणि अजून एक. घाबरलेली रिसीव्हर कशी ओळखायची तर ती हात बांधून पळते. आधी मनगटं जोडते मग पळत सुटते, बदकासारखी. आधी पाय, शेवटी हात. माझा सगळा भर यावरच असायचा.

रामबागवाली_पीटी
हात बांधून पळणं!! अगदी हेच. आमची चश्मेवाली पाच नंबर तशीच पळते. मी आजवर "लवकर हात जोड" म्हणून ओरडत होते, आता नाही ओरडणार.

आई_दोन_पोरांची
माझ्या प्रश्नाचं कोणी काही बोललं नाही.

मागची_लाइन
ताई सॉरी, राहून गेलं. एका चुकीवर बसवू नका, बसवलं की पोरीला वाटतं चूक म्हणजे शिक्षा, मग पुढच्या वेळी बॉल तिच्याकडे आला की ती बाजूचीकडे बघते. पण रडू आवरत नसेल तर कोचने टाइमआउट घ्यावा किंवा दोन पॉइंटसाठी सब्स्टिट्यूट करून पाणी पाजून परत आत घालावं, परत आत घालणं हे महत्त्वाचं. आणि ओरडणाऱ्या टीचरना कोणीतरी सांगा की बॉल गेला की पोरी आधी बेंचकडे बघतात. तिथे तोंड कसं आहे त्यावर पुढची सर्विस ठरते. मी तर हात मांडीवर ठेवून बसतो म्हणजे डोक्याला लागत नाहीत 😅

सराफा_रात्री_दोन
टाइमआउट कधी घ्यायचा पण? आमचे सर पाच पॉइंट गेल्यावर घ्यायचे, तोवर खेळ खल्लास.

मागची_लाइन
सेटला दोनच असतात, तीस सेकंदांचे. त्या सर्व्हरवर मी दुसरा सलग पॉइंट गेला की एक टाकतो, वाट बघत नाही. टाइमआउटने सर्व्हरची लय तुटली तर बोनस, पण मी घेतो तो माझ्या पोरांना श्वास सोडायला. त्यात फक्त एक वाक्य बोलायचं, "पुढचा बॉल कोणाचा?" आणि त्यांनीच उत्तर द्यायचं. काही कोच पहिला टाइमआउट सेटच्या शेवटासाठी राखून ठेवतात, त्यांचंही चुकत नाही, टीम टीमवर आहे.

नेटशी_मैत्री
मी तिसऱ्या पॉइंटपर्यंत थांबेन. दुसऱ्यालाच घेतला तर सर्व्हरला कळतं की हे घाबरले.

मागची_लाइन
कळू दे की. 

रामबागवाली_पीटी
बरं, तुमचं सगळं वाचून नवीन लिहिलंय. सव्वा मिनिटात होतं, घरी नवऱ्यासमोर बोलून बघितलं, तो म्हणाला संपलं का एवढ्यात. तर:

"बसा सगळ्या खाली. ती उंच मुलगी सर्विसला येणार, फ्लोटर टाकणार, आपल्या डाव्या कोपऱ्यातच टाकणार, आपल्याला माहिती आहे. एखाद-दुसरा बॉल जाईल, तेवढे तिचेच. शिट्टीच्या आधी श्वास सोडायचा, आता सोडून दाखवा. अजून. खांदे खाली. नजर तिच्या हातावर. पुढच्या तिघी, बॉल छातीच्या वर दिसला तर काय करायचं? (सोडायचा, बाजूला.) मागच्या दोघी, पहिला पाय कुठे? (पुढे.) हात कधी? (शेवटी.) पास कुठे? (उंच आणि मधे.) पॉइंट गेला तर सहाही जणी मधे येऊन हात लावायचा, कोणी कोणाला काही बोलायचं नाही, आणि माझ्याकडे बघायचं नाही. चला, साइडला आठ सर्विस घेऊन येऊ."

कंसातली उत्तरं त्यांची. आज प्रॅक्टिसला तीनदा बोलून घेतलं. चश्मेवालीला चश्म्याचा पट्टा पण आणला, बॉल वर घेताना ती चश्माच सावरायची!

मागची_लाइन
आता झकास. "माझ्याकडे बघायचं नाही" हे मी चोरणार.

ग्वाल्हेरचा_काका
"एखाद-दुसरा बॉल जाईल" हे आधीच सांगणं मला पटत नाही. कोचनेच हार मानल्यासारखं वाटतं.

नेटशी_मैत्री
काका मला पटतं. पहिला बॉल गेल्यावर पोरी म्हणतात हां, हा तिचावाला गेला, आणि पुढे बघतात. नाही सांगितलं तर तोच पहिला बॉल आभाळ कोसळल्यासारखा वाटतो.

रामबागवाली_पीटी (शनिवार, संध्याकाळ)
आलो घरी. हरलो. २५-२१, १९-२५, १३-१५.

आता नीट सांगते. टॉस जिंकलो तर सूर्याला पाठ असलेली साइड मागितली, मैदान मुरुमाचं उघडं, आठ वाजताचं ऊन थेट डोळ्यात येत होतं दुसऱ्या बाजूला. पहिल्या सेटला ती उंच मुलगी ९-८ ला सर्विसला आली. पहिला बॉल तसाच डाव्या कोपऱ्यात. चार नंबरवालीने छातीच्या वर बघितला, बाजूला झाली, वाट दिली, आणि चश्मेवालीने पुढे पाऊल टाकून उंच मधे घातला. मी बेंचवर उठून उभीच राहिले. स्मॅश आमचा ब्लॉकला लागला, पॉइंट त्यांनाच गेला, पण पास मात्र झाला. पुढचा बॉल नेटच्या पट्टीला लागून टपकला, त्याला कोणी काही करू शकत नाही. मी दुसऱ्याला टाइमआउट घेतला, विचारलं पुढचा कोणाचा, दोघी एकदम म्हणाल्या "माझा" आणि हसायला लागल्या. त्यानंतर एक अजून गेला आणि मग आमचा आला. तिचा सगळ्यात मोठा रन पूर्ण मॅचमधे चारचा झाला. मागे आठ होता.

दुसऱ्या सेटला साइड बदलली, ऊन आमच्या तोंडावर. वर आलेला बॉल चश्मेवालीला दिसेचना. हे मी भाषणात धरलंच नव्हतं, आणि तुम्हीही कोणी बोलला नाहीत 🙂 तिने दोन बॉल फिंगरने घ्यायचा प्रयत्न केला, दोन्हीला शिट्टी. कॅप्टनने आधी विचारलं होतं, रेफरी "हो हो चालतं" म्हणाले होते.

तिसरा सेट १३-१३ पर्यंत. मग आमच्याच दोन सर्विस, म्हणजे एक आमची नेटमधे, त्यांना १४, त्यांच्या सर्विसवर आमचा पास मस्त उंच मधे, लिफ्टर खाली, आणि आमच्या स्मॅशरने बॉल बाहेर घातला. रिसीव्हने नाही हरलो, एवढं खरं. पोरी मात्र रडल्या, भरपूर. मग पोहे-जलेबी खाल्ली.

आई_दोन_पोरांची
ताई, १३-१५ म्हणजे काही कमी नाही. माझ्या मुलीला तुमचं भाषण वाचून दाखवलं, तिने "श्वास सोडायचा" तेवढं वहीत लिहून घेतलं.

शूटिंगवाला_भिया
दोन "आमच्याच" सर्विस म्हणून एकच सांगितली ताई. आणि बघा, शेवटी सर्विसच नडली ना, मी पहिल्या दिवशीच सर्विसबद्दल बोललो होतो.

रामबागवाली_पीटी
😂 दुसरी १२-१२ ला गेली होती, लिहायच्या नादात राहिली. मान्य भिया.

मागची_लाइन
उन्हाचं माझ्या लक्षात यायला हवं होतं, मी वर्षानुवर्षं इथल्याच मैदानांवर खेळलोय. उन्हात तोंड असेल तर रिसीव्हर थोडी तिरकी उभी राहते, खांदा सर्व्हरकडे करून, म्हणजे बॉल सूर्याच्या रेषेत येत नाही, आणि पुढचीला छातीऐवजी कंबरेचा नियम लावून मागचीला जास्त बॉल अंडरहँडने घ्यायला देतात. पण यात पुढची जास्त बॉल सोडते, मागे दोघींवर भार येतो, त्यामुळे मी स्वतः अजून पक्कं ठरवलेलं नाही. फिंगरचा रिप्ले कोणाकडे आहे का? दोन्ही वेळा शिट्टी डबलला होती की पकडला म्हणून, रेफरीच्या हाताची खूण काय होती?

रामबागवाली_पीटी
एका पालकांनी मोबाइलवर घेतलाय. पहिल्याला त्यांनी तळहात वर करून हळू उचलला, म्हणजे पकडला म्हणून. दुसऱ्याला दोन बोटं दाखवली.

मागची_लाइन
मग पहिली शिट्टी बरोबर असू शकते, तिचा बॉल थांबला असेल. दुसरी चुकीची. व्हिडिओ पाठवा, चश्मेवालीची बोटं किती वेळ लागतायत ते बघून सांगतो.

ग्वाल्हेरचा_काका
मी म्हणालो होतो.